धातू जात नाही, मग पाय का गळतात?

"डॉक्टर साहेब, मी २१ वर्षांचा आहे. गाव बीड जिल्ह्यात, सध्या संभाजीनगरला रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलोय. दोन वर्षांपासून आठवड्यातून एक-दोनदा स्वप्नदोष होतो. आता संडासला जोर केला की पांढरा चिकट थेंब पडतो आणि लघवीतही पांढरं दिसतं. कंबर दुखते, पाय गळतात, अभ्यासात मन लागंना. रूमवरचे म्हणतात धातू जायलीय, आत्ताच बंद केलं नाही तर लग्नाच्या कामाचा राहणार नाहीस. एका वैदूनं तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय. घेऊ का? घरी सांगता येत नाही."

कोर्स घेऊ नकोस. हे आधीच सांगतो, नाहीतर बाकीचं वाचून होईपर्यंत तू पैसे भरून मोकळा होशील.

मी परभणीत फिजिशियन म्हणून बसतो, पंचवीस वर्षं होऊन गेली. तुझ्यासारखी मुलं माझ्याकडे सतत येतात, पण आल्याबरोबर हे कुणीच बोलत नाही. केसपेपरवर 'अशक्तपणा' किंवा 'कंबरदुखी' लिहिलेलं असतं. तपासून होतं, चिठ्ठी हातात पडते, आणि दाराशी गेलेला मुलगा मागे वळून म्हणतो, "सर, आणखी एक विचारायचं होतं." मग मी पुढच्या पेशंटला थांबायला सांगतो.

तू तीन गोष्टी सांगितल्या आहेस: रात्री कपडे खराब होणं, संडासच्या वेळचा थेंब, आणि लघवीतलं पांढरं. या तिन्हींना 'धातू' हे एकच नाव पडलं म्हणून तुला ती एकच गळती वाटते. तिन्हींचा उगम वेगळा आहे. चौथी गोष्ट म्हणजे तुझा अशक्तपणा. तो खोटा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. तो खरा असू शकतो, पण त्याचं मूळ तू जिथे शोधतोयस तिथे ते नाही.

रात्रीचं आधी घेतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. वयात आल्यापासून वृषणात शुक्राणू रात्रंदिवस तयार होत असतात. एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला साधारण सत्तर दिवस लागतात, पण रोज नवी तुकडी बाहेर पडत असल्यानं साठा कधी संपत नाही. न वापरलेले शुक्राणू शरीर आतल्या आत मोडून जिरवतं. झोपेत दर दीड तासानं स्वप्नांची झोप येते, रात्रीत चार-पाच वेळा. त्या वेळी लिंगाला ताठरता येते, मग स्वप्न कुठलंही असो. लहान बाळालाही येते आणि साठीच्या माणसालाही. तरुणपणी अशा एखाद्या वेळी वीर्य बाहेर पडतं, एवढंच. कुणाला आठवड्यात दोनदा, कुणाला दोन महिन्यांतून एकदा, कुणाला कधीच नाही. यापैकी कुठलाच आकडा आजाराचा नाही. स्वप्नात कोण दिसलं यावरून स्वतःला पापी ठरवणारी मुलंही मी पाहिली आहेत. स्वप्नातली माणसं आपण निवडत नसतो. घट्ट लंगोट, थंड पाण्याची अंघोळ, रात्रीचं जेवण सोडणं यातल्या कशानंही हे थांबत नाही, आणि थांबवायचं कारणही नाही. मी पेशंटशी बोलताना 'दोष' हा शब्दच वापरत नाही.

आता संडासचा थेंब. प्रोस्टेट नावाची ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढ्यात असते. इतकी जवळ, की तिची तपासणी आम्ही डॉक्टर गुदद्वारातून बोट घालूनच करतो. तिच्या मागच्या बाजूला शुक्राशयाच्या दोन पिशव्या असतात. वीर्यातला बहुतेक द्रव या दोन ठिकाणी तयार होतो, शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. शौच घट्ट झालं आणि तू कुंथलास, की कडक गोळा या ग्रंथींवर मागून दाबला जातो आणि त्यातला थोडा चिकट द्रव लिंगाच्या तोंडाशी येतो. ओला स्पंज दाबल्यासारखं. त्यानं काही बिघडत नाही. तो थेंब मला फक्त एवढंच सांगतो की तुझं पोट साफ होत नाही. ही बातमी तुला वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, पुढे येईलच.

लघवीतल्या पांढऱ्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घाबरवणारं तेच असतं आणि त्याची शहानिशा घरबसल्या करता येते. लघवीत फॉस्फेट नावाचे क्षार कायमच विरघळलेले असतात. लघवी आम्लधर्मी असेपर्यंत ते दिसत नाहीत. जेवणानंतर तासा-दोन तासांत पोटात आम्ल तयार होतं, त्याचा तोल म्हणून लघवी काही वेळ अल्कधर्मी होते. भाजी-भाकरी, डाळ, दूध असं खाणाऱ्यांत हे जास्त होतं. तेव्हा ते क्षार विरघळलेले राहत नाहीत, चुन्याच्या निवळीसारखे पांढरे दिसू लागतात. बऱ्याचदा धारेच्या शेवटी, कारण मूत्राशयाच्या तळाशी बसलेला साका शेवटी येतो. दिवसभर पाणी कमी प्यालेलं असेल तर आणखी दाट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, टँकरचं पाणी पुरवून वापरणाऱ्या रूमवर, कमी पाणी पिणं ही सवयच होऊन बसते.

आता खात्री करायची कशी? जेवणानंतरची लघवी एका स्वच्छ काचेच्या पेल्यात घे. पांढुरकी दिसली तर त्यात स्वयंपाकाचं पांढरं व्हिनेगर अर्धा चमचा टाक आणि हलव. मिनिटभरात पाण्यासारखी स्वच्छ झाली, तर ते फॉस्फेट होतं. वीर्य व्हिनेगरनं असं निवळत नाही, आणि पू सुद्धा नाही. पेला थंडीत ठेवल्यावर गढूळ झाला आणि कोमट पाण्यात धरल्यावर निवळला, तर ते युरेट नावाचे दुसरे क्षार, तेही साधेच. पण व्हिनेगर टाकूनही गढूळपणा गेला नाही, तर घरचा प्रयोग तिथे संपला. मग लघवीची साधी तपासणी करायची, कारण पू, रक्त किंवा क्वचित हत्तीरोगात येणारी दुधासारखी लघवी ओळखायला सूक्ष्मदर्शकच लागतो. हा पेला मी माझ्या टेबलावरही करून दाखवतो. मुलं त्या पेल्याकडे ज्या नजरेनं बघतात, तितका परिणाम माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यानं होत नाही.

इथे एक सापळा आहे. रात्री कपडे खराब झाले आणि सकाळची पहिली लघवी तपासायला दिलीस, तर रिपोर्टमध्ये 'शुक्राणू आढळले' असं येऊ शकतं. मूत्रनळीत राहिलेलं वीर्य त्या लघवीनं धुऊन निघतं, म्हणून. ते नॉर्मल आहे, पण तोच कागद दाखवून "बघ, धातू जातेय, लेखी पुरावा आहे" असं सांगणारे भेटतात. म्हणून तपासणीला दुपारची लघवी दे, आणि पहिली थोडी धार सोडून मधली घे.

रूमवरच्या पोरांनी तुला रक्ताचा हिशेब सांगितलाच असेल: शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब. कुणी चाळीस म्हणतं. आपण शंभरच धरू आणि गणित करून बघू. एका वेळी साधारण तीन मिलिलिटर वीर्य बाहेर पडतं, म्हणजे अर्ध्या-पाऊण चमच्याएवढं. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर साठ थेंब. त्याचे शंभरपट म्हणजे सहा हजार थेंब रक्त, म्हणजे तीनशे मिलिलिटर. रक्तदानाची बाटली साडेतीनशेची असते. आठवड्यातून एकदा जरी झालं, तरी वर्षाला पंधरा लिटरांपेक्षा जास्त रक्त गेलं. तुझ्या अंगात आहे सगळं मिळून पाच लिटर. रक्तदात्याला आपण दोनदा रक्त देण्यात तीन महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतो. हा हिशेब खरा असता तर लग्न झालेला प्रत्येक पुरुष सहा महिन्यांत आयसीयूत असता.

मग त्या तीन मिलिलिटरमध्ये असतं काय? बहुतेक पाणी, थोडी फळातली साखर, थोडे क्षार, आणि दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिनं. एवढी प्रथिनं एका भाजलेल्या शेंगदाण्यात असतात. एका शेंगेत नाही म्हणत मी, एका दाण्यात. ग्रंथीला कच्चा माल रक्तातूनच मिळतो हे खरं, पण तसा तो लाळेलाही मिळतो. लाळ दिवसाला लिटर-दीड लिटर तयार होते. आपल्याकडे तंबाखू मळून दिवसभर पिचकाऱ्या मारणारे कमी आहेत का? थुंकीतून ताकद गेली म्हणून त्यांच्यातला एकही अजून माझ्याकडे आलेला नाही.

ही भीती आपल्याच मातीतली आहे असंही समजू नकोस. टिसो नावाच्या स्विस डॉक्टरनं १७६० मध्ये युरोपात हाच हिशेब मांडला होता, रक्ताच्या चाळीस भागांचा. तिथल्या तरुणांच्या दोन-तीन पिढ्यांनी तो भोगला. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असा सात धातूंचा क्रम आहे, आणि शुक्र शेवटी येतो म्हणून त्याला मोल. पण त्या क्रमावरून थेंबांची वजाबाकी करून मुलांना घाबरवणं हा बाजारातल्या लोकांचा उद्योग आहे. वीर्य जातंय या भीतीनं येणारा थकवा, कंबरदुखी, धडधड, झोप न लागणं या सगळ्याला डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. म्हणजे तुझ्या तक्रारीला पाठ्यपुस्तकात जागा आहे. पण ती आजार म्हणून आहे, आणि त्या आजाराचं कारण वीर्य नाही.

आता अशक्तपणाकडे येऊ. इथे मी तुला एका मुलाची गोष्ट सांगतो. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

जिंतूरकडचा, बावीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. भरतीत सोळाशे मीटर धावावं लागतं. ते अंतर तो सव्वापाच मिनिटांत काढायचा. चार महिन्यांत वेळ सहा मिनिटांच्या पुढे गेली. शेवटच्या चारशे मीटरला छाती भरून यायची, पिंढऱ्यांत गोळे यायचे. त्याच काळात त्याला संडासच्या वेळी थेंब दिसायला लागला. ग्राउंडवरच्या सिनियर पोरांनी दोन्हीची गाठ मारून दिली: धातू जायलीय, म्हणून दम राहिना. एका तंबूवाल्यानं नऊ हजारांची पावडर दिली आणि पथ्य सांगितलं. अंडं बंद, लसूण बंद, वांगं, मेथी, शेंगदाण्याची चटणी सगळं उष्ण म्हणून बंद. वर एक सल्ला: रात्री दोनला गजर लावून उठायचं, लघवी करून परत झोपायचं, म्हणजे 'धातू पडत नाही'.

माझ्यासमोर बसला तेव्हा त्याची नाडी एकशे चार होती, नुसती बसून. पापणी खाली ओढली तर आतली बाजू फिक्कट. मी विचारलं, "शौचाला रोज होतं का?" तीन-चार दिवसांतून एकदा, खड्यासारखं. "रक्त?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "पडतं सर कधी कधी. उष्णतेनं." कधी कधी म्हणजे किती? खोदून विचारल्यावर कळलं, जवळजवळ दर वेळी, आणि भांडं लाल होण्याइतकं. सात-आठ महिने झाले होते. वीर्याचा थेंब त्यानं मित्रांना सांगितला, तंबूवाल्याला सांगितला. रक्ताचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

हिमोग्लोबिन आलं ९.४. पुरुषात तेरापेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. रक्तपेशी आकारानं लहान, साठवलेल्या लोहाचं प्रमाण दाखवणारं फेरिटिन ६, म्हणजे कोठार रिकामं. दुर्बिणीनं पाहिल्यावर मूळव्याध दिसली, मधल्या अवस्थेतली. शौचातून रक्त जातंय म्हणून मूळव्याधच असेल असं न तपासता गृहीत धरायचं नसतं, म्हणून तीही खात्री केली.

आता यातला धागा बघ. पोट साफ नाही म्हणून तो कुंथायचा. कुंथल्यानं प्रोस्टेट दाबून थेंब यायचा, आणि त्याच कुंथण्यानं मूळव्याध फुटून रक्त जायचं. एक मिलिलिटर रक्ताबरोबर अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पुरुषाचं शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम एखादा मिलिग्रॅम लोह शोषतं. सरासरी रोज तीन-चार मिलिलिटर रक्त गेलं तरी खर्च जमेच्या दुपटीवर जातो, आणि काही महिन्यांत कोठार रिकामं होतं. वीर्यात लोह जवळपास नसतंच. म्हणजे त्याची ताकद खरोखर एका गळतीतून जात होती, पण पहारा भलत्याच दारावर बसला होता. त्यात तंबूवाल्याच्या पथ्यानं अंडं, मेथी, शेंगदाणे काढून घेतले, आणि दोनच्या गजरानं झोप मोडली. चार तासांच्या तुटक झोपेवर सोळाशे मीटर कुणाचीच नीट होणार नाहीत.

उपचारात ग्लॅमर काही नव्हतं. रोज रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून, दिवसभरात तीन लिटर पाणी, मेसच्या भाताबरोबर एक तरी पालेभाजी आणि काकडी-मुळा असं कच्चं काही. संडासला जोर करायचा नाही, कळ आली की लगेच जायचं, पाच मिनिटांत उठायचं, मोबाइल बाहेर ठेवून. कोमट पाण्याच्या टबात सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बसणं. पहिले दहा दिवस एवढंच. लोहाच्या गोळ्या मी मुद्दाम नंतर सुरू केल्या, कारण त्यांनी पोट घट्ट होतं आणि पुन्हा कुंथणं सुरू झालं की सगळं मुसळ केरात. मग एक दिवसाआड एक गोळी, रिकाम्या पोटी, आणि पुढे-मागे तासभर चहा नाही, कारण चहा लोह शोषू देत नाही. गोळीनं शौच काळं होतं हेही आधीच सांगून ठेवलं. नाहीतर तो त्याचाही काहीतरी अर्थ लावत बसला असता.

तीन आठवड्यांत संडासचा थेंब बंद झाला. महिन्यानं हिमोग्लोबिन १०.९, तीन महिन्यांनी १३.६. सोळाशे मीटरला पाच मिनिटं वीस सेकंद. गोळ्या पुढे आणखी तीन महिने चालू ठेवल्या, कारण रक्तातला आकडा भरला तरी कोठार भरायला वेळ लागतो. आणि हे सगळं होत असताना रात्रीचे कपडे? पूर्वी जितक्या वेळा खराब व्हायचे तितक्याच वेळा. 'धातू' तेवढीच गेली आणि ताकद परत आली. हा भाग मी आता प्रत्येक मुलाला सांगतो.

प्रत्येकाला मूळव्याधच निघते असं समजू नकोस. कुणाचं ब१२ कमी असतं, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं, कुणाला नुकताच डेंगी किंवा टायफॉइड होऊन गेलेला असतो. कुणी अभ्यासिकेत दहा तास मान खाली घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि कंबर दुखली की वीर्याला बोल लावतो. पुष्कळ मुलांत मात्र सगळे रिपोर्ट चांगले येतात. तेव्हा थकवा खोटा ठरत नाही. भीतीनं झोप उडते, नाडी वाढते, स्नायू ताठलेले राहतात, भूक जाते, आणि सकाळी उठताना माणूस खरंच गळालेला असतो. मग रात्री कपडे खराब झाले की तो दिवसभर स्वतःचे हातपाय चाचपत बसतो: आज किती गळाले? चाचपलं की सापडतंच. याला गोळीपेक्षा समजून सांगणं जास्त लागू पडतं, पण कधीकधी चिंता किंवा नैराश्य इतकं खोल गेलेलं असतं की औषधही लागतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर रिपोर्टची वाट न बघता संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. तिथे केसपेपर काढून रांगेत बसणारी निम्मी माणसं तुझ्याआमच्यासारखीच असतात. रात्री-अपरात्री फार झालं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लाव. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

'लग्नाच्या कामाचा राहणार नाहीस' याबद्दल एवढंच सांगतो. रात्री वीर्य पडल्यानं किंवा हातानं केल्यानं लिंग लहान, वाकडं किंवा निकामी होत नाही, आणि मूल होण्याची क्षमताही जात नाही. वीर्य पातळ दिसतं म्हणूनही घाबरू नकोस. ते बाहेर पडताना घट्ट असतं आणि पंधरा-वीस मिनिटांत आपोआप पातळ होतं, सगळ्यांचंच. सकाळी चादरीवर बघून घट्टपणा ठरवता येत नाही. लग्नानंतर पहिल्या काही दिवसांत अडचण येणारे पुरुष माझ्याकडे येतात ते बहुधा हीच धास्ती घेऊन आलेले असतात. आपण निकामी आहोत असं मनात धरून बसलेल्याला त्या क्षणी ताठरता येत नाही, आणि त्याला वाटतं, पोरं खरंच बोलत होती.

आता त्या कोर्सबद्दल. त्या पुडीत काय असतं हे पुडी देणाऱ्यालाही धड माहीत नसतं. अशा पावडरींत स्टेरॉइड सापडतात. पहिल्या आठवड्यात भूक वाढते, अंगात तरतरी येते, गाल भरतात, आणि घरचे म्हणतात लागू पडलं. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, अंगावर पुरळ येतं, साखर वाढते. काही पुड्यांत ताठरतेच्या गोळ्यांचं औषध कुटून मिसळलेलं असतं. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, नाक चोंदणं ही त्याची खूण. काहींत शिसं किंवा पारा असतो, आणि त्याचा घाव मूत्रपिंडावर पडतो. तू अजून काही सुरू केलेलं नसशील तर प्रश्न मिटला. पण तुझ्या एखाद्या मित्राचे गाल असे भरले असतील आणि तो महिन्याभरापेक्षा जास्त काळ पावडर घेत असेल, तर त्याला ती एका दिवसात फेकायला सांगू नकोस. स्टेरॉइड अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी हातात घेऊन त्यानं आधी फिजिशियनकडे जावं. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मर्दानी ताकद' रंगवणं हे १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं गुन्हा आहे, तरी भिंती रंगलेल्या असतातच. आयुर्वेदावर विश्वास असेल तर पदवी असलेल्या, बोर्डावर नोंदणी क्रमांक लिहिलेल्या वैद्याकडे जा. चांगला वैद्य तुला आधी पोटाचं विचारेल.

काही लक्षणं मात्र भीतीवर ढकलायची नाहीत. लघवीला जळजळ, जोर न करताही चड्डीवर पिवळट पू, वीर्यात किंवा लघवीत रक्त, वृषणात गाठ किंवा दुखणं, थंडी वाजून ताप, किंवा खूप तहान लागून वारंवार लघवी आणि वजन घटणं. यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात तपासून घे. शरीरसंबंध आला असेल आणि त्यानंतर पू येत असेल, तर जोडीदारालाही औषध लागतं, ते लपवू नकोस. वृषणात अचानक भयंकर कळ आली तर आठवड्याचीही वाट बघायची नाही. सहा तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोहोचायचं, रात्र असली तरी.

आता तू काय करायचं ते सांगतो. उद्या जेवणानंतर व्हिनेगरचा प्रयोग करून बघ. मग कुठल्याही लॅबमध्ये हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, उपाशीपोटीची साखर आणि दुपारची लघवी एवढंच दे. वीर्याची तपासणी करू नकोस. तुला तिची गरज नाही, आणि त्यात एखादा आकडा जरा खाली आला तर तू पुढचं वर्ष त्या आकड्यावर घालवशील. रिपोर्ट घेऊन जवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरकडे जा, आणि आत गेल्याबरोबर पहिलंच वाक्य थेंबाचं बोल, दाराशी पोहोचेपर्यंत थांबू नकोस. घरी 'अशक्तपणासाठी रक्त तपासलं' एवढं सांगितलंस तरी ते खोटं ठरत नाही.

तू रक्ताबद्दल काही लिहिलेलं नाहीस. शौच किती दिवसांनी होतं आणि त्यात कधी लाल दिसलं का, हे मला कळव.